ईसॉपची कागदपत्रं एका पानावर: किती, कधी, कितीला आणि नोकरी सोडल्यावर काय

ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला पुढे विकत घेण्याचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क, आणि असा एकेक हक्क म्हणजे एक ऑप्शन. ईसॉप मिळालेल्या कर्मचाऱ्याकडे साधारणपणे तीन कागद असायला हवेत. ऑफर लेटरमधला ईसॉपचा परिच्छेद, ऑप्शन दिल्याचं दोन-तीन पानांचं ग्रँट लेटर आणि कंपनीची मूळ ईसॉप योजना, जिला ऑफिसात सगळे नुसतं 'स्कीम' म्हणतात. पहिला कागद सगळे वाचतात, दुसऱ्यावर सही करतात आणि तिसरा बऱ्याचदा मागितल्याशिवाय हातात येत नाही. पण ग्रँट लेटरच्या तळाशी बहुधा एक ओळ असते: या पत्रात आणि स्कीममध्ये तफावत असेल तर स्कीम ग्राह्य धरली जाईल. म्हणजे न वाचलेला कागदच सर्वांत वरचढ. नोकरी सोडताना काय होतं, हे तर जवळजवळ पूर्णपणे त्याच कागदात लिहिलेलं असतं.

हे सगळं एका पानावर कसं आणायचं, ते इथे पाहू. समोर ठेवलेला प्रकार म्हणजे शेअर बाजारात नोंदणी नसलेली भारतीय खासगी कंपनी, कारण पुण्या-मुंबईतल्या स्टार्टअपमध्ये पहिल्यांदा ईसॉप घेणाऱ्यांचा प्रश्न बहुतेकदा तिथलाच असतो. परदेशी मूळ कंपनीचे ऑप्शन किंवा आरएसयू, म्हणजे पैसे न भरता ठरावीक काळाने मिळणारे शेअर, असतील तर नियम आणि कर दोन्ही बदलतात. त्यामुळे आपल्या पत्रात 'स्टॉक ऑप्शन' असंच लिहिलंय ना, हे आधी बघून घ्या.

आधी कागद जमवा, मग व्याख्या वाचा

एचआरला एकाच ईमेलमध्ये चार गोष्टी मागा: सही झालेलं ग्रँट लेटर, स्कीमची आजची प्रत, स्कीममध्ये नंतर केलेल्या दुरुस्त्या, आणि एक्सरसाइजचा, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर विकत घेण्याचा, अर्ज. दुरुस्त्या वेगळ्या मागायच्या, कारण स्कीम भागधारकांच्या ठरावाने बदलता येते आणि जुनी प्रत वर्षानुवर्षं फोल्डरमध्ये पडून राहते. अजून एक्सरसाइज न झालेल्या ऑप्शनच्या अटी कंपनीला बदलता येतात, पण तो बदल ऑप्शनधारकांच्या हिताला बाधक नसावा, असं कंपनी कायद्याखालचे नियम सांगतात. म्हणून तुम्हाला ग्रँट मिळाली त्या दिवशीची प्रतही जपून ठेवा. बदल नेमका काय झाला, हे दोन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

स्कीम हातात आली की सुरुवात व्याख्यांच्या कलमापासून करा. कंटाळवाणा भाग आहे खरा, पण पुढच्या सगळ्या आकड्यांच्या किल्ल्या तिथे आहेत. 'ग्रँट डेट', 'एक्सरसाइज पीरियड', 'कॉज' आणि 'टर्मिनेशन' किंवा 'सेपरेशन' या चार व्याख्या वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. नेहमीच्या बोलण्यात 'नोकरी सोडली' म्हणजे शेवटचा दिवस. स्कीमच्या व्याख्येत तो राजीनामा दिल्याचा दिवस असू शकतो, आणि या एका फरकाने शेकडो ऑप्शन जातात. पुढच्या उदाहरणात ते दिसेलच.

सारांशाच्या प्रत्येक ओळीपुढे ती माहिती कोणत्या कागदाच्या कोणत्या कलमातून घेतली, ते लिहायची सवय ठेवा. 'ग्रँट लेटर, कलम ३' एवढं पुरे. कलम सापडत नसेल तर त्या जागी 'लिखित उत्तर हवं' असं लिहा. कोणीतरी तोंडी सांगितलेली गोष्ट सारांशात घ्यायची नाही.

आता उदाहरण. ते काल्पनिक आहे, पण त्यातल्या अटी स्कीममध्ये नेहमी भेटणाऱ्या आहेत. पुण्यातल्या एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीत एक मुलगी १४ जून २०२१ रोजी रुजू झाली. ऑफर लेटरमध्ये लिहिलं होतं: '१४,४०,००० रुपये मूल्याचे ईसॉप, चार वर्षांत व्हेस्टिंग.' व्हेस्टिंग म्हणजे ऑप्शन टप्प्याटप्प्याने वापरण्याजोगे होणं. ग्रँट लेटर आलं १ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्यात ४,८०० ऑप्शन, एक्सरसाइज प्राइस ४० रुपये, एका वर्षाचा क्लिफ, म्हणजे पहिलं वर्ष संपेपर्यंत काहीच व्हेस्ट होणार नाही, आणि त्यानंतर दर तिमाहीला व्हेस्टिंग. १८ मार्च २०२४ रोजी तिने राजीनामा दिला, आणि ६० दिवसांचा नोटीस पीरियड संपून १७ मे २०२४ हा शेवटचा दिवस ठरला.

पहिली ओळ: ग्रँट किती

इथे रुपये लिहू नका, ऑप्शनची संख्या लिहा. ऑफर लेटरमधले १४.४० लाख म्हणजे ४,८०० ऑप्शन गुणिले ३०० रुपये. हे ३०० रुपये आले कुठून? बहुधा शेवटच्या फंडिंग राउंडमध्ये गुंतवणूकदारांनी दिलेल्या भावातून. पण गुंतवणूकदारांनी घेतलेले शेअर साधारणतः प्रेफरन्स शेअर असतात. कंपनी विकली गेली तर पैसे आधी त्यांना मिळतात. तुम्हाला मिळणार ते इक्विटी शेअर. शिवाय ४,८०० ऑप्शन घेण्यासाठी प्रत्येकी ४० रुपये, म्हणजे १,९२,००० रुपये तुम्हालाच भरायचे आहेत, आणि ऑफर लेटरच्या आकड्यातून ते वजा केलेले नसतात. म्हणून रुपयांतला आकडा सारांशात घ्यायचाच असेल तर 'ऑफर लेटरमधला दावा' म्हणून खाली, आणि तो कोणत्या भावाने काढला ते विचारूनच.

संख्येनंतर दोन गोष्टी जोडा. एका ऑप्शनला किती शेअर मिळतात? साधारण एकाला एक, पण कंपनीने शेअरचं विभाजन केलं किंवा बोनस दिला असेल तर हे प्रमाण, ऑप्शनची संख्या किंवा एक्सरसाइज प्राइस बदललेली असते. कंपनीच्या ईसॉप पोर्टलवर दिसणारा आकडा ग्रँट लेटरपेक्षा वेगळा असेल तर कारण बहुतेकदा हेच निघतं. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीचे एकूण शेअर, तेही 'फुली डायल्यूटेड' हिशोबाने. यात सगळे दिलेले शेअर, प्रेफरन्स शेअरचं रूपांतर आणि कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेला पूर्ण ईसॉप पूल धरलेला असतो. उदाहरणातल्या कंपनीत हा आकडा ६० लाख असेल, तर ४,८०० ऑप्शन म्हणजे ०.०८ टक्के. हा आकडा कळला नाही तर ४,८०० जास्त की कमी, हे ठरवायला काहीच आधार नाही. काही कंपन्या तो सांगत नाहीत. तसं असेल तर सारांशात तेच लिहा: 'एकूण शेअर संख्या सांगितलेली नाही.'

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ऑफर लेटरमधलं आश्वासन म्हणजे ग्रँट नव्हे. संचालक मंडळाने किंवा त्याच्या समितीने मंजुरी दिली की ग्रँट होते, आणि या बैठका रोज होत नाहीत. रुजू होऊन सहा महिने झाले तरी ग्रँट लेटर आलं नसेल तर त्या दिवसापर्यंत तुमच्याकडे एकही ऑप्शन नाही. व्हेस्ट झालेले नाहीत, न झालेलेही नाहीत.

दुसरी ओळ: व्हेस्टिंगच्या तारखा

'चार वर्षं, एक वर्षाचा क्लिफ, मग तिमाही' हे वाक्य सारांशात तसंच उतरवलं तर त्याचा उपयोग नाही. त्याच्या तारखा करा. त्यासाठी पहिला प्रश्न: घड्याळ कुठल्या दिवशी सुरू झालं? उदाहरणातल्या मुलीला वाटत होतं की १४ जून २०२१ पासून. ग्रँट लेटर म्हणतं १ ऑक्टोबर २०२१ पासून. साडेतीन महिन्यांचा फरक. काही कंपन्या रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजतात, पण तेव्हाही एक मर्यादा आहे. कंपनी कायदा २०१३ खालच्या शेअर भांडवलविषयक २०१४ च्या नियमांत, नियम १२ मध्ये, ग्रँट आणि व्हेस्टिंग यांच्यात किमान एक वर्षाचं अंतर सक्तीचं केलं आहे. म्हणजे मोजणी कशीही असली तरी तिचे पहिले ऑप्शन १ ऑक्टोबर २०२२ च्या आधी व्हेस्ट होऊच शकत नव्हते.

आता हिशोब. क्लिफला २५ टक्के, म्हणजे १,२००. उरले ३,६००, ते १२ तिमाहींत, म्हणजे दर तिमाहीला ३००. तारखा १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. शेवटचा हप्ता १ ऑक्टोबर २०२५. प्रत्येक तारखेला एकूण किती झाले, हे शीटमध्ये एका ओळीत निघतं. A1 मध्ये हवी ती तारीख घाला:

```
=IF(A1<DATE(2022,10,1),0,
 MIN(4800,1200+300*INT(DATEDIF(DATE(2022,10,1),A1,"M")/3)))
```

१८ मार्च २०२४ घातलं तर २,७०० येतात. १७ मे २०२४ घातलं तर ३,०००. मधली १ एप्रिलची तारीख ३०० ऑप्शनची आहे. हे दोन्ही आकडे जवळ ठेवा.

तुमचे आकडे इतके सरळ नसतील. ५,००० ऑप्शन असते तर दर तिमाहीला ३१२.५ आले असते, आणि अर्धा ऑप्शन नसतो. स्कीममध्ये बहुधा लिहिलेलं असतं की अपूर्णांक सोडून द्यायचा आणि राहिलेले शेवटच्या हप्त्यात जोडायचे. तसं कलम शोधा आणि शीट त्याप्रमाणे बदला, नाहीतर पोर्टलशी एक-दोन ऑप्शनचा फरक येत राहील आणि खरी चूक त्यात लपून जाईल.

याच ओळीत दोन अपवाद तपासा. बिनपगारी दीर्घ रजेत व्हेस्टिंग थांबतं का, आणि व्हेस्टिंग फक्त काळावर आहे की कामगिरीवरही. 'वार्षिक मूल्यांकनात अमुक श्रेणी मिळाल्यास' अशी ओळ असेल तर सारांशातल्या सगळ्या तारखांपुढे 'अटीसह' असं लिहावं लागेल. ती अट ग्रँट लेटरमध्ये नसली तरी स्कीममध्ये असू शकते.

तिसरी ओळ: एक्सरसाइज प्राइस, आणि खरा खर्च

एक्सरसाइज प्राइस म्हणजे एक शेअर घेताना कंपनीला द्यायची रक्कम. ती ग्रँटच्या दिवशी ठरते. ती किती ठेवायची, याची कंपनीला बरीच मोकळीक आहे. काही ठिकाणी शेअरच्या दर्शनी मूल्याइतकी, म्हणजे १ किंवा १० रुपये असते, काही ठिकाणी त्या वेळच्या मूल्यांकनाइतकी. ग्रँट लेटरमध्ये ठोस आकडा नसून 'संचालक मंडळ ठरवेल ती किंमत' असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी आकडा लेखी मागा. आकड्याशिवाय पुढचं काहीच मोजता येत नाही.

पण सारांशात नुसते '४० रुपये' लिहून थांबलं तर नवखा माणूस हमखास फसतो. कारण एक्सरसाइज करताना दुसरी, बहुधा मोठी, रक्कम लागते: कर. एक्सरसाइजच्या दिवशी शेअरचं बाजारमूल्य आणि तुम्ही भरलेली किंमत यांतला फरक पगाराचाच भाग, म्हणजे पर्क्विझिट, धरला जातो आणि त्यावर पगारासारखा कर लागतो. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचं हे मूल्य मर्चंट बँकर काढतो, आणि ते एक्सरसाइजच्या दिवशीचं किंवा त्याआधीच्या १८० दिवसांच्या आतलं असावं लागतं. शेअर विकलेला नसतो, विकायला बाजारही नसतो, तरी कर मात्र रोख भरायचा.

आपल्या उदाहरणात २,७०० ऑप्शन एक्सरसाइज करायचे आहेत आणि त्या वेळचं मूल्य ३४० रुपये आहे असं धरू. कंपनीला द्यायचे २,७०० गुणिले ४०, म्हणजे १,०८,००० रुपये. करपात्र फरक प्रति शेअर ३०० रुपये, एकूण ८,१०,००० रुपये. त्या वर्षीचा तिचा पगार आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर ४ टक्के सेस धरून ३१.२ टक्क्यांनी कर २,५२,७२० रुपये. म्हणजे शेअर हातात येण्यासाठी खिशातून एकूण ३,६०,७२० रुपये. '४० रुपये' वाचून जो अंदाज बांधला होता, त्याच्या तिपटीहून जास्त. यातला टीडीएस कंपनी बहुधा शेअर देण्याआधीच मागते, आणि नोकरी सोडलेल्या माणसाच्या पगारातून कापायला काही उरलेलं नसल्याने तो चेकने किंवा बँक ट्रान्सफरने भरावा लागतो.

स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो, असं बरेचदा ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. ही सवलत फक्त त्या स्टार्टअपसाठी आहे, ज्यांना आंतरमंत्रालयीन मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र मिळालं आहे. केंद्राच्या उद्योग विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची, नुसती मान्यता पुरत नाही. आणि सवलत असली तरी तीन घटनांपैकी जी आधी घडेल तिच्यानंतर १४ दिवसांत कर भरावा लागतो: संबंधित कर आकारणी वर्ष संपून ४८ महिने होणं, शेअर विकणं, किंवा त्या कंपनीतली नोकरी सुटणं. म्हणजे राजीनाम्यानंतर एक्सरसाइज करणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि आधी एक्सरसाइज करून कर लांबवलेल्या माणसाला नोकरी सोडताच तो सगळा भरावा लागतो. सारांशात एक ओळ पुरे: 'कर लांबवण्याची सवलत आहे की नाही, प्रमाणपत्र पाहिलं की नाही.'

चौथी ओळ: नोकरी सोडली तर

हा भाग सर्वांत सावकाश करा. नोकरी सुटण्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं उत्तर असतं, म्हणून स्कीममधलं ते कलम चार प्रश्नांसाठी वाचा: व्हेस्ट न झालेल्या ऑप्शनचं काय, झालेल्यांचं काय, मुदत किती, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची.

राजीनामा दिला किंवा कंपनीने काढलं, तर व्हेस्ट न झालेले ऑप्शन रद्द होतात. हे नियम १२ मध्येच आहे. व्हेस्ट झालेले ऑप्शन स्कीममध्ये दिलेल्या मुदतीत एक्सरसाइज करता येतात. कायदा ही मुदत ठरवून देत नाही, म्हणून ती ३० दिवसही असू शकते, ९० दिवसही आणि काही वर्षंही. काही स्कीममध्ये तर व्हेस्ट झालेले ऑप्शन शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतच एक्सरसाइज करायचे असतात. त्यानंतर शून्य.

उदाहरणातल्या स्कीमचं कलम असं होतं: 'राजीनामा सादर केल्याच्या दिवशी व्हेस्ट न झालेले सर्व ऑप्शन त्याच दिवशी रद्द होतील. व्हेस्ट झालेले ऑप्शन शेवटच्या कामाच्या दिवसापासून ९० दिवसांत एक्सरसाइज करता येतील.' एकाच कलमात दोन वेगळ्या तारखा आहेत. संख्या ठरते १८ मार्चला, म्हणून २,७००. नोटीस पीरियडमध्ये १ एप्रिल येऊन गेला, ती कामावरही होती, पण ते ३०० ऑप्शन तिचे झाले नाहीत. पोर्टलवर १ एप्रिलनंतर कदाचित ३,००० दिसतही असतील, कारण सॉफ्टवेअरला राजीनामा कळवला जाईपर्यंत ते तारखेने चालतं. पोर्टलच्या भरवशावर पैसे जुळवणाऱ्याला हे उशिरा समजतं. राजीनामा दोन आठवडे पुढे ढकलून २ एप्रिलला दिला असता तर ते ३०० ऑप्शन राहिले असते. ४० रुपये भरून ३४० रुपये मूल्याचे शेअर, म्हणजे करापूर्वी ९०,००० रुपयांचा फरक. म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी सारांश तयार असायला हवा.

मुदत मोजायची १७ मेपासून. नव्वदावा दिवस येतो १५ ऑगस्ट २०२४, सुट्टीचा दिवस. सुट्टी आली तर मुदत पुढच्या दिवशी सरकेल, असं स्कीममध्ये लिहिलं नसेल तर ते गृहीत धरू नका. आणि 'एक्सरसाइज' म्हणजे नेमकं काय, तेही तपासा: अर्ज पोचणं, पैसे जमा होणं, की दोन्ही? बहुतेक स्कीममध्ये दोन्ही लागतात, आणि पैशांत टीडीएसही धरलेला असतो. टीडीएसचा आकडा कंपनीकडून यायचा असतो. त्यासाठी मूल्यांकन लागतं, आणि जुनं मूल्यांकन १८० दिवसांपलीकडे गेलं असेल तर नवं करून घ्यावं लागतं. हे सगळं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर मुदत हुकण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. कामाच्या शेवटच्या दिवशीच एक्सरसाइजचा अर्ज आणि कराचा अंदाज लेखी मागितला, तर जुलैच्या मध्यापर्यंत पैसे भरून मोकळं होता येतं. डीमॅट खातंही तयार ठेवा. लहान कंपन्या वगळता खासगी कंपन्यांनाही आता शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात.

इथे एक कलम असं भेटू शकतं, ज्यावर सगळा हिशोब अडतो: 'एक्सरसाइज फक्त लिक्विडिटी इव्हेंटच्या वेळी करता येईल,' म्हणजे कंपनी विकली गेली किंवा शेअर बाजारात आली तरच. असं कलम असेल तर पुढचा प्रश्न थेट विचारा: नोकरी सोडल्यावर व्हेस्ट झालेले ऑप्शन त्या दिवसापर्यंत राहतात की रद्द होतात? राहत असतील तर ते उलट सोयीचं आहे, कारण आज पैसे आणि कर दोन्ही भरावे लागत नाहीत. रद्द होत असतील तर तुमच्या व्हेस्टिंगला फारसा अर्थ उरत नाही, आणि हे सारांशाच्या सर्वांत वरच्या ओळीत यायला हवं.

'कॉज' किंवा गैरवर्तनाखाली काढलं तर बहुतेक स्कीममध्ये व्हेस्ट झालेले ऑप्शनही जातात. म्हणून कॉजची व्याख्या किती रुंद आहे ते बघा. फसवणूक, चोरी, गुप्त माहिती फोडणं, एवढंच असेल तर ठीक. पण 'कंपनीच्या धोरणांचं कोणतंही उल्लंघन' किंवा 'असमाधानकारक कामगिरी' असं असेल तर साधी बडतर्फीही त्यात बसवता येईल. सारांशात व्याख्येतले नेमके शब्द उतरवा, स्वतःच्या भाषेत सौम्य करू नका.

एक्सरसाइज करून घेतलेले शेअरही नेहमी सुटलेले नसतात. काही स्कीममध्ये, किंवा शेअर घेताना सही कराव्या लागणाऱ्या करारात, कर्मचारी गेल्यावर शेअर परत विकत घेण्याचा हक्क कंपनीकडे असतो. तो बाजारमूल्याने की दर्शनी मूल्याने, हे शोधा. प्रतिस्पर्धी कंपनीत गेल्यास हा हक्क लागू होतो का, तेही.

मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांबाबत नियम कर्मचाऱ्याच्या बाजूने आहेत. कामावर असताना मृत्यू झाला तर व्हेस्ट न झालेलेही सगळे ऑप्शन त्याच दिवशी वारसांकडे किंवा नॉमिनीकडे व्हेस्ट होतात. कायमचं अपंगत्व आलं तर त्या दिवशी ते कर्मचाऱ्याकडेच व्हेस्ट होतात. एक्सरसाइजची मुदत मात्र इथेही स्कीमच ठरवते. घरच्यांना हे माहीत नसतं, म्हणून नॉमिनी कोण, अर्ज भरलाय का आणि मुदत किती, ही ओळ सारांशात हवी, आणि त्याची एक प्रत घरी.

पान असं दिसेल

वरच्या मुलीचं पान, राजीनाम्याच्या दिवशीचं, असं होतं.

ग्रँट: ४,८०० ऑप्शन, एकास एक शेअर. ग्रँटची तारीख १ ऑक्टोबर २०२१. एकूण शेअर ६० लाख, वाटा ०.०८ टक्के. ग्रँट लेटर, कलम १. एकूण शेअरचा आकडा एचआरच्या ईमेलमधून.

व्हेस्टिंग: १ ऑक्टोबर २०२२ ला १,२००, नंतर दर तिमाहीला ३००, शेवट १ ऑक्टोबर २०२५. फक्त काळावर. १८ मार्च २०२४ पर्यंत २,७००. ग्रँट लेटर, कलम ३.

किंमत: ४० रुपये. २,७०० साठी १,०८,००० रुपये. मूल्य ३४० धरल्यास कर अंदाजे २,५२,७२०. कर लांबवण्याची सवलत नाही. ग्रँट लेटर, कलम ४.

नोकरी सोडल्यास: संख्या राजीनाम्याच्या दिवशी गोठते. २,१०० रद्द. २,७०० साठी मुदत १५ ऑगस्ट २०२४, अर्ज आणि पूर्ण पैसे दोन्ही. कॉज असल्यास सगळे रद्द. शेअर परत घेण्याचा हक्क: लिखित उत्तर हवं. स्कीम, कलम ११.

हे पान एचआरला पाठवताना 'बरोबर आहे ना?' असं मोघम विचारलं तर 'स्कीम पाहावी' असं उत्तर येतं. त्याऐवजी हो किंवा नाही म्हणता येईल असे प्रश्न करा. 'माझे १८ मार्च २०२४ रोजी व्हेस्ट झालेले ऑप्शन २,७०० आहेत आणि ते एक्सरसाइज करण्याचा शेवटचा दिवस १५ ऑगस्ट २०२४ आहे, हे बरोबर आहे का?' यावर चुकीचं 'हो' म्हणणं कठीण जातं, आणि 'नाही' आलं तर कलम सांगावं लागतं.

हा ईमेल राजीनाम्याच्या आधी पाठवायचा की नंतर, हा प्रश्न उरतोच, कारण तारीख घालून विचारलं तर बेत उघड होतो. त्यावर साधा मार्ग म्हणजे दरवर्षी ग्रँटच्या तारखेला हे पान ताजं करून पाठवणं, आणि नोटीस पीरियडमध्ये व्हेस्टिंग चालू राहतं का, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवणं. उत्तरं, स्कीमच्या दोन्ही प्रती आणि पोर्टलचा स्क्रीनशॉट स्वतःच्या खासगी ईमेलवर किंवा कागदावर हवेत. त्याआधी ते बाहेर पाठवायला कंपनीची हरकत नाही ना, एवढं गोपनीयतेच्या कलमात बघून घ्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा ईमेल बंद होतो, पोर्टलचं लॉगिनही बऱ्याचदा त्याच ईमेलवर असतं, आणि पुढचे ९० दिवस लागणारे सगळे कागद नेमके तिथेच राहिलेले असतात.